असहमतीचे भाषांतर

संशोधन-नियतकालिकाच्या परीक्षकांना लेखक जे उत्तरपत्र धाडतो, त्याचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करताना नेमके कशाचे भाषांतर करावयाचे, शब्दांचे की नकाराचे, असा प्रश्न उपस्थित होतो. तो केवळ भाषिक नाही.

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिराचा नमुना घेऊ. विटांची ही वास्तू गजपृष्ठाकृती असल्याने ती मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत रूढ आहे. समजा, एका लेखकाने हा निष्कर्ष राखून ठेवला आणि परीक्षकांनी तो स्पष्टपणे नोंदवण्यास सांगितले. लेखक उत्तर देतो : ‘मान्यवर परीक्षकांच्या सूचनेचा आम्ही अवश्य विचार करू, तथापि केवळ आकारावरून असे म्हणणे थोडे धाडसाचे होईल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.’

मराठी वाचकाला हा नकार आहे हे तत्काळ कळते. शब्दशः इंग्रजीत मात्र ‘विचार करू’ हे आश्वासन ठरते, ‘थोडे धाडसाचे’ ही शंका आणि ‘सुचवावेसे वाटते’ ही विनंती. संपादक दुरुस्तीची वाट पाहतो. ती सुधारित प्रतीत सापडत नाही, आणि लेखक शब्द न पाळणारा ठरतो. शिवाय ‘परीक्षकांनी’ हे आदरार्थी की अनेकवचनी? पहिल्या परीक्षकाचा आक्षेप दोघांच्याही माथी मारला जाण्याचा धोका येथेच असतो. इंग्रजीत क्रमांक दिल्यावाचून गत्यंतर नाही.

माझ्या मते नम्रता व्यक्तीकडे आणि ठामपणा विधानाकडे, अशी विभागणी भाषांतरकाराने करावी. आभार एका वाक्यात. पुढच्या वाक्यात ‘हा बदल केलेला नाही’ असे स्पष्ट विधान. त्यानंतर कारण : ऐहोळेचे दुर्ग मंदिरही गजपृष्ठाकृती आहे, पण ते बौद्ध नव्हे, म्हणून तलविन्यास एकटा पुरेसा पुरावा नाही. शेवटी, बौद्ध मूळ मानणाऱ्या मताची नोंद कोणत्या पृष्ठावर वाढवली, ते. (‘मान्यवर’ गळाले तरी चालेल, इंग्रजीत त्याचा आवाज उपरोधाचा येतो.) भाषांतर साधले की नाही याची कसोटी सोपी आहे : मूळ लेख न पाहता, केवळ पत्र वाचून मजकूर बदलला की नाही हे सांगता आले पाहिजे.

येथे एक नैतिक अडचण उरते. ऐहोळेचा दाखला मूळ पत्रात नसेल, तर तो घालण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. तो समासात लिहून लेखकाकडे पाठवावा. आणि ‘अवश्य विचार करू’ हा नकार की खरोखरच अनिर्णय, हे पत्रावरून ठरत नसेल तर लेखकाला विचारावेच लागते. अनिर्णित लेखकाच्या तोंडी ठाम नकार घालणे हे नकार पुसून टाकण्याइतकेच अप्रामाणिक होय. अशा वेळी ‘हा मुद्दा आम्ही खुला ठेवला आहे’ असे वाक्य इंग्रजीत लिहिता येते, आणि संपादक ते मान्यही करतो. फक्त लेखकाने ते स्वतः म्हटलेले असावे.