रोकडीची ओळ

आमच्या परळीत औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले बरेच लोक आहेत. ग्रॅच्युइटीचे पैसे पूर्वी पोस्टात, बँकेत नाहीतर पतसंस्थेत जायचे. आता त्यातला थोडाफार भाग डीमॅट खात्यातही जातो. मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतो हे गल्लीत माहीत आहे, त्यामुळे शेजारचे काका कधीतरी विचारतात, "सर, तुम्ही वाचलाय ना त्या कंपनीचा अहवाल? मग घेऊ का?" ते अहवालात काय आहे ते विचारत नाहीत. मी वाचलाय, एवढंच त्यांना पुरतं. म्हणूनच ‘हो, वाचलाय’ म्हणण्याचा मला हक्क आहे का, हे स्वतःला विचारणं मला भाग पडतं. शेअर बाजारात शिरून मला फार वर्षं झालेली नाहीत. दोनशे-तीनशे पानांतलं मी नेमकं काय पडताळलं, आणि काय केवळ छापलेलं आहे म्हणून खरं धरलं?

स्वतःला हे विचारताना मी सगळा ताळेबंद घेत नाही, एकच ओळ घेतो. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला ‘रोख व बँक शिल्लक’ असते, ती. उधारी बुडू शकते, माल पडून राहू शकतो, यंत्रांची किंमत अंदाजाची असते. नवख्याला रोकड मात्र ठाम वाटते. पैसा बँकेत आहे म्हणजे आहे. मला स्वतःला सगळ्यात कमी प्रश्न पडतात ते याच ओळीपाशी, आणि म्हणून इथेच थांबायचं असं मी ठरवलं आहे.

मुंबईची कॉक्स अँड किंग्ज ही सहली नेणारी जुनी कंपनी. मार्च २०१९ च्या एकत्रित ताळेबंदात तिच्याकडे हजार कोटींहून जास्त रोकड दिसत होती. त्यानंतर तीनच महिन्यांत, जून २०१९ मध्ये, तिला दीडशे कोटींच्या कमर्शियल पेपरची परतफेड जमली नाही. पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. ज्याच्या खात्यात हजार कोटी आहेत तो दीडशे कोटी का देऊ शकत नाही, एवढा साधा प्रश्न घेऊन अहवाल उघडला तरी वाचन बदलतं. पहिलं पाहायचं ते ‘एकत्रित’ आणि ‘स्वतंत्र’ हे दोन ताळेबंद. एकत्रित ताळेबंदात देशोदेशीच्या उपकंपन्यांची रोकड मिळवलेली असते. ती तिकडच्या कायद्यांत, तिकडच्या कर्जाच्या अटींत अडकलेली असू शकते, आणि मुंबईतलं देणं मुंबईतल्या खात्यातूनच भागवावं लागतं. दुसरं, रोकडीसमोरच्या टिपेचा क्रमांक पाहून त्या पानावर जायचं. किती रक्कम चालू खात्यात आहे, किती मुदत ठेवीत, आणि किती ठेवी कर्जापोटी तारण आहेत, हे तिथे लिहिलेलं असतं. तारण ठेवलेली ठेव कागदावर रोकड दिसते, पण ती हवी तेव्हा मोडता येत नाही.

इथपर्यंत मी धरून चाललो आहे की पैसा कुठेतरी आहे. तो मुळात नसेलच तर?

परळीहून विकाराबादमार्गे रेल्वे जिथे जाते त्या हैदराबादेतच सत्यम कॉम्प्युटर्सचं मुख्यालय होतं. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. शिवाय ३७६ कोटींचं येणं व्याज दाखवलं होतं, तेही खोटं. पुढे महिंद्र समूहाच्या पुण्यातल्या टेक महिंद्राने ही कंपनी घेतली.

नवख्यांना सगळे सांगतात की नफ्यावर विसंबू नका, रोकड प्रवाह पाहा. सल्ला चांगलाच आहे. नफा वाढतोय आणि कामकाजातून येणारी रोकड मात्र आटतेय, अशा कंपनीत उधारी किंवा माल साचत असतो, आणि ते पत्रकात लख्ख दिसतं. सत्यमबाबत मात्र एवढ्याने भागत नाही. रोकड प्रवाह पत्रक हा काही वेगळा साक्षीदार नव्हे. ते त्याच वह्यांतून तयार होतं, आणि त्याची शेवटची ओळ ताळेबंदातल्या रोकडीशी जुळवलेली असते. बँकेतली शिल्लकच खोटी लिहिली, तर खोटा नफा रोकड होऊन आल्यासारखा दिसतो आणि दोन्ही पत्रकं एकमेकांना दुजोरा देतात. ‘कॅश फ्लो पाहिलाय’ एवढंच काकांना सांगून मला समाधान मानता येत नाही, ते यामुळे.

मग पाहायचं काय? मी व्याज पाहतो. पैसा खरोखर ठेवीत असेल तर तो व्याज आणतो, आणि ते व्याज अहवालात दोनदा भेटतं. रोकड प्रवाह पत्रकात वरच्या भागात, कामकाजाचा हिशोब करताना, नफ्यातून ‘व्याज उत्पन्न’ वजा केलेलं असतं. खाली, गुंतवणुकीच्या भागात, ‘मिळालेलं व्याज’ मिळवलेलं असतं. समजा, वर ८० कोटी वजा केलेत आणि खाली ७६ कोटी मिळालेत. उरलेले ४ कोटी पिकलेलं, पण अजून हाती न आलेलं व्याज. इतर वित्तीय मालमत्तेच्या टिपेत ‘येणं व्याज’ गेल्या वर्षी ६ कोटी असेल, तर यंदा ते साधारण १० कोटी असायला हवं. ते तसं असलं की हिशोबाचा एक धागा जुळला. मग वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठेवींची सरासरी काढायची. ती अकराशे कोटी असेल तर ८० कोटी म्हणजे सव्वासात टक्के, आणि बँकांचे त्या काळचे दर तेवढेच असतील तर ठीक. तेच व्याज वीस कोटी असेल तर दोन टक्केही पडत नाही. मग पैसा वर्षभर बँकेत होता, की ३१ मार्चपुरता आला होता? की चालू खात्यात बिनव्याजी पडून होता, आणि तसा का? याला रास्त कारणंही असतात. मार्चमध्ये मोठी वसुली झाली असेल, किंवा एखादा धंदा विकून पैसे आले असतील. एवढ्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही, पण प्रश्न उभा करता येतो.

सत्यमचे ते ३७६ कोटी ५,०४० कोटींशी ताडून पाहिले तर साडेसात टक्क्यांच्या जवळ येतात. म्हणजे नसलेल्या ठेवींवर जवळजवळ वर्षभराचं व्याज ‘येणं’ म्हणून उभं होतं. हे सगळं पत्र आल्यावर कळलं. पण ठेवी आणि येणं व्याज यांचं हे प्रमाण मी लक्षात ठेवलं आहे, कारण खोटी ठेव लिहिणाऱ्याला तिचं व्याजही कुठेतरी लिहावं लागतं.

आता ऑडिटर. सत्यमच्या हिशोबावर प्राइस वॉटरहाउसची सही होती आणि अभिप्राय स्वच्छ होता. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, ती सप्टेंबर २०१९ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने रद्द केली. कायद्याचा निवाडा कसाही लागो, मला घ्यायचं ते एवढंच की स्वच्छ अभिप्राय म्हणजे हमी नव्हे. ऑडिटर स्वतः ‘वाजवी खात्री’ असंच लिहितो. ते वाक्य नेहमीचं म्हणून मी उडी मारून पुढे जातो, तेव्हा मी त्याच्या सहीवर त्याने न दिलेलं वचन चिकटवत असतो.

त्याच अहवालात तो जे मोकळेपणाने सांगतो, ते मात्र वाचायला हवं. एकत्रित ताळेबंदावरच्या अभिप्रायात ‘इतर बाबी’ नावाचा परिच्छेद असतो. अमुक इतक्या उपकंपन्यांचं ऑडिट आम्ही केलेलं नाही, त्यांची एकूण मालमत्ता इतके कोटी, आम्ही दुसऱ्या ऑडिटरांच्या अहवालावर विसंबलो आहोत, असं तिथे आकड्यांसह असतं. एकूण मालमत्तेतला किती वाटा सही करणाऱ्याने स्वतः तपासलेलाच नाही, हे एका भागाकाराने निघतं. स्वतंत्र ताळेबंदावरच्या अभिप्रायामागे ‘कारो’चं परिशिष्ट जोडलेलं असतं. बँकांना दिलेली तिमाही विवरणपत्रं वह्यांशी जुळतात का, कर्जाचा हप्ता चुकला का, आणि पीएफसारखी देणी सहा महिन्यांहून जास्त थकली आहेत का, याची उत्तरं ऑडिटरला कलमवार द्यावी लागतात.

या शेवटच्या कलमाशी माझं मन अडखळतं. माझ्याकडे शेअर असलेल्या एका कंपनीच्या परिशिष्टात पीएफची थकबाकी नोंदलेली आहे. रक्कम कंपनीच्या मानाने किरकोळ आहे, नफ्याला तिचा धक्का लागत नाही. गुंतवणूकदार म्हणून मला ती ओलांडून जाता येते. पण पीएफ म्हणजे काय हे मी परळीत राहून जाणतो. कामगाराच्या पगारातून कापून घेतलेला पैसा त्यात असतो, आणि ठेकेदाराच्या माणसाला तो वेळेवर भरला गेला का हे कळायलाही किती हेलपाटे पडतात ते इथे घरोघरी माहीत आहे. ज्या रोकडीकडे बघून मी खूश झालो, तिच्यात थोडी अशीही आहे जी कंपनीची नाहीच. हा शेअर मी अजून धरून आहे. तो विकत घेण्याआधी हे कलम दिसलं असतं तर मी घेतला असता का? नसता घेतला, असं मला वाटतं. मग आता धरून ठेवण्याचं कारण एवढंच उरतं की भाव वाढलाय. न घेतलेल्या कंपनीचा अहवाल मी तपासनिसाच्या नजरेने वाचतो आणि घेतलेल्या कंपनीचा मालकाच्या. खरं तर मालकानेच अधिक कडक असायला हवं.

काकांना मी आता कंपनीचं नाव घेऊन ‘चांगली आहे’ म्हणत नाही. काय जुळलं, काय जुळलं नाही आणि काय तपासणं माझ्या आवाक्याबाहेर आहे, ते सांगतो. बँकेचं पुष्टिपत्र पाहायला मला कुणी देणार नाही, तेव्हा शिल्लक खरीच आहे असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, हेही सांगतो. ते ऐकून ते कधी थांबतात, कधी दुसऱ्याला विचारतात.

माझ्या त्या कंपनीची वार्षिक सभा यंदाही ऑनलाइन आहे. बोलू इच्छिणाऱ्या भागधारकाने आधी ईमेलने नाव नोंदवायचं, डीमॅट खात्याचा तपशील द्यायचा आणि प्रश्न पाठवायचे, असं सूचनेत छापलं आहे. मी दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत: पीएफची थकबाकी कोणत्या महिन्यांची आहे आणि आजपर्यंत भरली का? आणि तारण नसलेल्या ठेवी किती, त्यांवर वर्षभरात प्रत्यक्ष किती व्याज हाती आलं? उत्तर येईपर्यंत नवा शेअर घ्यायचा नाही. आलं नाही, किंवा गोलमोल आलं, तर आहेत तेही विकायचे, भाव काही असो.