बंदुकीची गोळी कोणत्या करारात बसते?

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या बैसरण कुरणात 26 जण मारले गेले. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे सहा जण होते. हा दहशतवाद होता याबद्दल कुणालाच शंका नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही आपल्या निवेदनात हाच शब्द वापरला. पण दहशतवादाविरुद्धचे आंतरराष्ट्रीय करार पुढ्यात घेऊन बसले, तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. तिथे विमान पळवले गेले नव्हते, कुणाला ओलीस धरले नव्हते, बॉम्ब फोडला नव्हता. मारेकऱ्यांनी फक्त बंदुका चालवल्या. आणि पर्यटकांना गोळ्या घालणे या कृत्याला नावानिशी गुन्हा ठरवणारा जागतिक करार आजही अस्तित्वात नाही.

हे असे का, याची मुळे 1934 मध्ये सापडतात. त्या वर्षी मार्सेय इथे युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याचा खून झाला. त्या गोळीबारात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्तू यांचाही जीव गेला. कटाचे सूत्रधार इटलीत होते, पण गुन्हा राजकीय स्वरूपाचा असल्याचे सांगून तिथल्या न्यायालयाने त्यांना फ्रान्सच्या हवाली करायला नकार दिला. या धक्क्यातून राष्ट्रसंघाने 1937 मध्ये दहशतवादाच्या प्रतिबंधाचा करार तयार केला. त्यात व्याख्याही होती. 24 देशांनी सह्या केल्या, पण पुढे रीतसर मान्यता दिली ती एकट्या भारताने, म्हणजे भारताच्या नावाने ब्रिटिश सरकारने. करार कधीच अंमलात आला नाही. करार तयार झाला तेव्हा भगतसिंगांना फाशी देऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले की त्या सरकारला अशा कराराची निकड का वाटली असेल ते उमगते. आणि पुढे स्वतंत्र झालेल्या देशांना अशा व्याख्येची धास्ती का वाटली, तेही.

भारताने 1996 मध्ये सर्वसमावेशक कराराचा मसुदा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. त्याच वर्षी आमसभेने या विषयासाठी समिती नेमली. व्याख्या करता येत नाही म्हणून घोडे अडले, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. कोणत्याही साधनाने, बेकायदा आणि हेतुपुरस्सर माणसे मारणे किंवा मालमत्तेचा मोठा विध्वंस करणे, आणि त्यामागचा उद्देश जनतेला धाक घालण्याचा किंवा सरकारला नमवण्याचा असणे, या गाभ्यावर वाटाघाटी करणाऱ्यांचे बरेचसे एकमत झाले होते.

भांडण पेटले ते अपवादाच्या कलमावर. युद्धातील कृत्यांना युद्धाचा कायदा लागू होतो, म्हणून ती या करारातून वगळायची, इथपर्यंत सगळे मान्य करतात. पण वगळायचे कुणाला? मसुदा म्हणतो, सशस्त्र दलांच्या कृतींना. इस्लामी देशांच्या संघटनेने सुचवले, संघर्षातील सर्व पक्षांच्या कृतींना, आणि त्यात परकीय ताब्याखालच्या प्रदेशातील संघर्षही धरा. पहिली शब्दरचना घेतली, तर पॅलेस्टाइनमधला बंदूकधारी बहुधा दहशतवादी ठरतो आणि इस्रायली सैनिक ठरत नाही. दुसरी घेतली, तर दोघेही या करारातून सुटतात, आणि काश्मीरसाठीही तीच पळवाट मागितली जाईल, ही भारताची भीती रास्त आहे. दहशतवाद म्हणजे काय, यापेक्षा कुणाच्या हातची बंदूक या शब्दातून वगळायची, हा खरा वाद आहे. त्याचा निकाल मसुदा लिहिणाऱ्यांच्या हातात नाही. तो पॅलेस्टाइनच्या आणि काश्मीरच्या राजकारणात अडकलेला आहे.

मधल्या काळात देशांनी दुसरी वाट धरली. दहशतवाद म्हणजे काय हे न सांगता एकेक कृत्य उचलायचे आणि ते गुन्हा ठरवायचे. 1970 च्या हेग करारात विमान पळवणे आले, 1979 मध्ये ओलीस धरणे, 1988 मध्ये जहाजांवरची जबरदस्ती, 1997 मध्ये बॉम्बस्फोट, 1999 मध्ये अर्थपुरवठा. या करारांचा कणा सारखाच आहे. ज्या देशात आरोपी सापडेल, त्याने एक तर त्याला मागणाऱ्या देशाच्या ताब्यात द्यावे, नाही तर खटल्यासाठी आपल्याच यंत्रणेकडे सोपवावे. 1997 आणि 1999 च्या करारांत तर गुन्हा राजकीय होता या कारणावरून प्रत्यार्पण नाकारता येणार नाही, असे स्पष्टच लिहिले आहे. 1934 मध्ये इटलीने वापरलेली फट या दोन करारांनी बुजवली.

26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला या करारांतून पाहू. कुबेर ही मासेमारी नौका समुद्रात बळकावली, इथे जहाजांचा करार लागू होतो. टॅक्सींत ठेवलेले बॉम्ब फुटले, तो 1997 च्या कराराचा विषय. नरिमन हाउसमध्ये ओलिसांच्या जिवावर मागण्या झाल्या, तिथे 1979 चा करार. या तिन्ही करारांत पाकिस्तान तेव्हा सामील होता. आता सीएसटीच्या फलाटावर या. बॉम्बस्फोटांच्या करारात स्फोटक, आग लावणारी, तसेच विषारी, जैविक किंवा किरणोत्सारी साधने येतात. रायफल येत नाही. त्या फलाटावर हातबॉम्बही फेकले गेले, म्हणून तो हल्ला कराराच्या कक्षेत आला. कसाब आणि त्याचा साथीदार नुसत्या एके-47 घेऊन आले असते, तर त्या कत्तलीला यातला कोणताही करार थेट लागू झाला नसता. पहलगाममध्ये नेमके तेच घडले.

सर्वसाधारण व्याख्येच्या सर्वात जवळ जातो तो 1999 चा अर्थपुरवठ्याचा करार. लढाईत भाग न घेणाऱ्यांना, जनतेला धाक घालण्यासाठी मारणारे कोणतेही कृत्य त्यात येते, मग हत्यार काहीही असो. पण तो गुन्हा ठरवतो त्या कृत्यासाठी पैसा देण्याला किंवा जमवण्याला, प्रत्यक्ष कृत्याला नाही. शिवाय युक्रेन विरुद्ध रशिया खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये निधी या शब्दाचा अर्थ संकुचित ठेवला आणि शस्त्रे पुरवणे त्यातून बाहेर राहिले. पाकिस्तानने हा करार स्वीकारला तो 2009 मध्ये, मुंबई हल्ल्यानंतर.

एवढे असूनही मुंबईच्या हल्ल्याचे पुढे काय झाले? पाकिस्तानने कटाच्या आरोपींवर स्वतःच्याच न्यायालयात खटला भरला. कागदोपत्री कराराची अट पुरी झाली, कारण करार खटल्यासाठी सोपवा म्हणतो, त्याचा शेवट कधी आणि कसा व्हावा हे सांगत नाही. मुख्य आरोपी झकी-उर-रहमान लख्वी 2015 मध्ये जामिनावर तुरुंगाबाहेर आला. 2021 मध्ये त्याला शिक्षा झाली ती अर्थपुरवठ्याच्या वेगळ्या प्रकरणात, पाकिस्तान आर्थिक कृती दलाच्या करड्या यादीत असताना. करारातल्या शब्दांनी जे साधले नाही, ते कर्जे आणि बँकव्यवहार अडण्याच्या भीतीने थोडेफार साधले.

असा देखाव्याचा खटला हा करारभंग आहे की नाही, हे ठरवून घ्यायला एक जागा आहे. या करारांमधले वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेता येतात. पण 1979 आणि 1997 या दोन्ही करारांना मान्यता देताना ते कलम आपल्यावर बंधनकारक नाही, असे भारतानेच नोंदवून ठेवले आहे. परस्परतेचा नियम असा की जे आपण स्वीकारले नाही, ते समोरच्याविरुद्धही वापरता येत नाही. या सावधगिरीमागचे कारण कळते. एकदा दार उघडले, तर काश्मीरचा प्रश्न कुठल्या तरी वाटेने हेगला नेला जाईल, ही दिल्लीची जुनी चिंता आहे. पण या करारांखाली न्यायालयासमोर येणारा वाद विशिष्ट गुन्ह्याच्या तपासाचा आणि खटल्याचा असतो, सार्वभौमत्वाचा नव्हे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारत 2017 मध्ये एका करारातील अशाच तरतुदीच्या बळावर हेगला गेला आणि 2019 मध्ये बाजूने निकाल घेऊन आला.

सर्वसमावेशक करारासाठी भारत गेली तीन दशके आग्रह धरतो आहे. तो सोडू नये. मसुद्यातले ‘कोणत्याही साधनाने’ हे शब्द पहलगामसारख्या हत्यांसाठीच आवश्यक आहेत. पण तो करार पॅलेस्टाइनचा प्रश्न सुटेपर्यंत येईल असे वाटत नाही. तोवर हातात आहेत ते करार पूर्ण ताकदीने वापरायचे असतील, तर 1979 आणि 1997 च्या करारांवर आपण घातलेल्या अटी सरकारने मागे घ्याव्यात. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांत कुणाची मते मिळवावी लागत नाहीत. न्यूयॉर्कला पाठवलेले एक पत्र पुरते.