*नैवेद्य आधी कुणाचा?*



मागच्या श्रावणातला शुक्रवार. पुरणाचा स्वयंपाक होता आणि मला उशीर झाला होता. कामाला मदतीला येणारी ताई पाड्यावरून येते, तिने त्या दिवशी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला बरोबर आणलं होतं. पुरणाचा वास सुटला तसा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "थांब हं बाळा, देवाला दाखवू दे आधी." सासूबाई म्हणाल्या, "अगं, दे त्याला. देव कुठे पळून जातोय?" मी ऐकलं नाही. पूजा, आरती होईपर्यंत पाऊण तास गेला. पोर पायरीवरच झोपलं होतं. उठवून ताट दिलं, पण अर्धवट झोपेत ते धड जेवलंही नाही.

माझं काय चुकलं? मी तर नियमच पाळला होता ना? म्हणून रोजची पूजा परत एकदा मनात नीट लावून बघितली.

सोळा उपचार रोज जमत नाहीत, तेव्हा आपण गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच तरी करतोच. कालचं निर्माल्य काढायचं, देवांना स्नान घालून पुसायचं, गंध लावायचं, मग फूल. फूल वाहण्याआधी हुंगायचं नाही, असं आईने लहानपणीच शिकवलेलं. दारातली तगर असो की जास्वंद, तिचा आनंद आधी आपण घ्यायचा नाही. "हे माझं" म्हणायच्या आत ते देऊन टाकायचं. फुलाचा अर्थ मला एवढाच कळतो.

दिव्याचं वेगळं. पूजेच्या सुरुवातीला आपण समईलाच आधी गंध-फूल वाहतो, कारण दिवा पूजेचा साक्षी. पुढे आरतीत निरांजन ओवाळतो, ते देवाचं मुख नीट दिसावं म्हणून. म्हणजे दिवा बघण्यासाठी आहे. आपल्याकडे पावसात वात दमट झाली की ती तडतडते, उजेड हलतो, मूर्ती नीट दिसत नाही. मग आपण लगेच वात बदलतो. त्या शुक्रवारी माझी वात छान होती, पण त्या उजेडात मी फक्त देव्हाराच बघितला. दार बघितलंच नाही.

आता नैवेद्य. पाण्याने चौकोनी मंडल काढून त्यावर ताट ठेवायचं. ताटात वेगळं मीठ वाढायचं नाही. तुळशीच्या पानाने ताटाभोवती पाणी फिरवायचं, पान अन्नावर ठेवायचं आणि देवाला घास भरवावा तसा हात करत म्हणायचं: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय, उदानाय, समानाय. शेवटी ब्रह्मणे स्वाहा.

इथे मी थांबले. प्राण, अपान हे पाचही तर आपल्याच देहातले वायू! जेवायला बसल्यावर पहिले लहान घास घेताना जुनी माणसं हेच मंत्र म्हणायची. म्हणजे देवाच्या मुखात आणि माणसाच्या मुखात घास घालताना शब्द एकच. मग दारातल्या त्या पोराच्या पोटात कुठला वेगळा प्राण होता?

पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट आपल्याला माहीत आहेच. श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या वासाने वाटेवरची भुकेली माणसं थबकली, तर नाथांनी पितरांसाठी केलेलं अन्न त्यांना वाढलं आणि मग पुन्हा स्वयंपाक करवला. नाथांनी श्राद्ध सोडलं नाही बरं का. दोन्ही केलं. जुन्या स्मृतिग्रंथांतही लहान मुली, आजारी आणि गरोदर बाई यांना अतिथीच्याही आधी जेवू घालावं असं सांगितलंय.

मग "आधी देवाला" हा नियम चुकीचा का? मला तसं वाटत नाही. तो माझ्या जिभेला लगाम आहे. न चाखता, अंदाजाने मीठ घालायचं. कधी आमटी खारट होते, पण आधी मला, ही सवय मोडते. नियम आहे तो अन्न उष्टं होऊ नये म्हणून. भुकेल्याला ताटकळत ठेवावं, असं त्यात कुठेच नाही.

आता मी एवढंच बदललंय. स्वयंपाक झाला की पहिल्यांदा नैवेद्याचा वाटा काढून झाकून ठेवते. तो न चाखलेला, देवाचाच. घरात लहान मूल, आजारी किंवा गोळीच्या वेळेचं माणूस असेल तर त्याला लगेच वाढते. आम्ही धडधाकट माणसं आरती होईपर्यंत थांबतो. नंतर नैवेद्याचं ताट सगळ्या पानांत थोडं थोडं मिसळते, मदतनीस ताईच्या डब्यातही. त्याशिवाय त्याला प्रसाद म्हणवत नाही.

परवा ते पोर पुन्हा आलं होतं. दारात उभं राहून विचारतंय, "देवाचं झालं का?" म्हटलं, "देवाचं काढून ठेवलंय रे, तू बस."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्याच्यासाठी पाट मात्र त्यांनीच मांडला.

— खेरडी परिवारातील एक सेविका