उद्या नक्की

प्लंबरच्या मेसेजमधला ‘नक्की’ हा शब्द मी आता वाचत नाही. तो सगळ्याच मेसेजमध्ये असतो, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. बाकीच्या शब्दांतून मात्र बरंच कळतं. गेल्या उन्हाळ्यात एका आठवड्यात मला एकाच माणसाचे चार मेसेज आले आणि चारही मेसेज काम पुढे ढकलणारे होते. त्यातल्या दोन मेसेजमुळे माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला आणि दोनमुळे कमी झाला. हे कशामुळे झालं, आणि अशा वेळी थांबायचं की दुसरा माणूस बघायचा, त्याबद्दल हे लिहितेय.

आधी काम काय होतं ते सांगते. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आणि मग थेंब पडायला लागले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, गळतंय ते येणारं पाणी की जाणारं? आंघोळीनंतरच गळत असेल तर दोष बहुधा नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याच्या पाइपात. दिवसरात्र सारखं गळत असेल तर भिंतीतल्या दाबाच्या लाइनमध्ये. सेक्रेटरीकाकांना विनंती करून रात्री अकरा ते पहाटे पाच आमच्या विंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला. सकाळी काकूंच्या बादलीत पाणी जवळजवळ नव्हतं. म्हणजे येणारी लाइन. आमच्या फ्लॅटचा स्वतंत्र व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला आहे, त्यामुळे आमची लाइन बंद करायची तर पूर्ण विंगचं पाणी बंद करावं लागतं. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

सोमवारी प्लंबर आला. मिक्सरमागची टाइल फोडली. नळ जिथे भिंतीत बसतो तिथला ब्रास एल्बो आट्यांपाशी तडकलेला होता. नवा एल्बो लावायचा तर सीपीव्हीसी पाइप कापून सोल्युशनने जोडावा लागतो, आणि ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही. म्हणून आधी लाइन रिकामी करायची, पाइप पुसून कोरडा करायचा, जोडायचा, सोल्युशन सुकू द्यायचं आणि मग पाणी सोडून बघायचं. दीड तासाचं काम, पण त्यासाठी विंगचं पाणी निदान अर्धा दिवस बंद हवं. सामानासाठी त्याने आठशे रुपये ॲडव्हान्स घेतला आणि मंगळवारी येतो म्हणाला.

मंगळवारी आला नाही. रात्री साडेआठला मीच फोन केला. तो उचलला नाही, पण मेसेज आला : “ताई आज साईटवर अडकलो. उद्या नक्की.”

बुधवारी सकाळी अकराला, म्हणजे यायच्या वेळेच्या आधी, दुसरा : “ताई तुमचा एल्बो पाऊण-अर्धा आहे. कॅम्प दोनला सगळीकडे अर्धाच मिळतोय. कल्याणवरून मागवलाय. उद्या संध्याकाळी येतो.”

गुरुवारी दुपारी तिसरा. हातात धरलेल्या एल्बोचा फोटो आणि खाली : “सामान आलं. पण उद्या शटडाऊन आहे, आज संध्याकाळी सगळे पाणी भरणार, टाकी बंद करू देणार नाहीत. शनिवारी सकाळी दहा. सेक्रेटरींना सांगून ठेवा.”

वरवर बघितलं तर तिन्ही सारखेच. आज नाही, उद्या. घरात आईचं मत झालं होतं की हा काही येत नाही. मला मात्र दुसरा आणि तिसरा मेसेज पहिल्यापेक्षा वेगळे वाटले, आणि त्याचं कारण त्यातली भाषा नम्र होती असं नाही. त्यांच्यात खोटी ठरू शकेल अशी गोष्ट होती. ‘साईटवर अडकलो’ हे मी तपासू शकत नाही आणि त्यालाही ते माहीत आहे. पण पाऊण-अर्धा एल्बो मिळत नाही हे मी खाली हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारू शकत होते. (विचारलं. नव्हता.) असं विधान करणारा माणूस पकडला जाण्याची थोडी जोखीम घेत असतो.

तिसऱ्या मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट होती. त्याने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं : सेक्रेटरींना सांगा, टाकी बंद ठेवा. जो येणारच नाही तो सहसा तुम्हाला कामाला लावत नाही. माझ्या सांगण्यावरून चोवीस घरांचं पाणी बंद होणार आणि हा आला नाही, तर पुढच्या वेळी त्या बिल्डिंगमध्ये त्याला कोण बोलावणार?

शटडाऊनचं कारण तर इथल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. आमचं पाणी बारवी धरणाचं. धरण बदलापूरजवळ, एमआयडीसीचं. जांभूळला पाणी शुद्ध होतं आणि तिथून आमच्यासकट आजूबाजूच्या शहरांना येतं. देखभालीसाठी शटडाऊन असतो तो बहुतेक वेळा शुक्रवारी, पूर्ण दिवसाचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरात पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवतात. त्या वेळी विंगचं पाणी बंद करा म्हणणाऱ्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

पण याच माहितीने मला त्या मेसेजमधली कच्ची जागाही दिसली. शटडाऊननंतरची सकाळ प्लंबरसाठी सगळ्यात गर्दीची असते. पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, लाइनमध्ये हवा भरते, मोटर पाणी ओढत नाही, गाळ येऊन फ्लोट व्हॉल्व्ह अडकतात. ज्यांच्या घरात थेंब नाही ते सगळे सात वाजल्यापासून फोन करतात. तेव्हा शनिवारी सकाळी दहाचा शब्द मनापासून दिलेला असला तरी कमजोर होता. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली या सवयीबद्दल लिहिलं होतं : आधीची कामं लांबली हे माहीत असूनही माणूस पुढच्या कामाचा अंदाज सगळं सुरळीत होईल असं धरूनच बांधतो. प्लंबर खोटं बोलत नव्हता. तो शनिवारकडे बुधवारच्या नजरेने बघत होता.

शनिवारी तो आला नाही. विंगचं पाणी बंद, दोन घरांतून मला फोन. साडेबाराला मी कॉल केल्यावर चौथा मेसेज आला : “गावाला आलोय ताई, मुरबाडला. सोमवारी नक्की.”

इथे माझं मत फिरलं. गावाला जाण्याचं कारण कितीही मोठं असू शकतं आणि ते विचारायचा मला अधिकार नाही. प्रश्न वेळेचा होता. मुरबाडला निघालेल्या माणसाला सकाळी आठला माहीत असतं की आपण दहाला उल्हासनगरात नसू. अमेरिकन तत्त्वज्ञ टी. एम. स्कॅनलन यांनी 1998च्या पुस्तकात वचनांचा विचार करताना अशी कर्तव्यं वेगवेगळी केली आहेत. शब्द पाळणं हे एक. पण तुमच्या बोलण्यावर विसंबून समोरच्याने काही करायला घेतलं असेल, तर त्याचं नुकसान होऊ नये म्हणून वेळेत सावध करणं हे दुसरं, आणि ते वचन दिलेलं नसलं तरीही लागू होतं. हा फरक मला फार उपयोगी वाटतो. बुधवारी आणि गुरुवारी प्लंबरने पहिलं कर्तव्य मोडलं पण दुसरं पाळलं. शनिवारी दोन्ही मोडली.

आता त्याची बाजू. त्याला बदलापूरला नव्या टॉवरवर एक ठेकेदार महिन्यातले बरेच दिवस काम देतो. माझं काम दीड तासाचं, पुन्हा लागेल न लागेल. तो मला ‘जमणार नाही’ म्हणाला असता तर मी तेव्हाच दुसऱ्याकडे गेले असते. म्हणून तो ‘हो’ म्हणतो, सगळ्यांनाच म्हणतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आधी जातो. माझे “काही हरकत नाही दादा” असे मेसेज त्याच्या दृष्टीने ‘हिचं थांबू शकतं’ असे होते. यावर ओरडणं हा उपाय मला पटत नाही, कारण मी ओरडले तर माझ्यापेक्षा गरीब आवाजाचं कुणीतरी मागे जातं. पण माझ्या सौजन्याचा खर्च मी करत नव्हते, हेही तितकंच खरं होतं. थेंब काकूंच्या छतातून पडत होते. प्लंबरवर दया करायची की नाही हे मी एकटीने ठरवायचं, आणि प्लास्टर त्यांचं पडायचं?

म्हणून शनिवारी दुपारी मी हा मेसेज लिहिला : “दादा, सोमवारी अकरापर्यंत वाट बघते. तोपर्यंत आला नाहीत तर दुसरं माणूस बोलावते, राग मानू नका. यायला जमणार नसेल तर सकाळी नऊच्या आत कळवा आणि एल्बो वॉचमनकडे ठेवा. टाइल फोडल्याची मजुरी ॲडव्हान्समधून धरा.”

यातलं शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. गिऱ्हाईक तोडतंय म्हटल्यावर ॲडव्हान्स परत मागणार, अशी भीती असली की माणूस उत्तरच देत नाही. त्याने केलेल्या कामाचे पैसे त्याचे आहेत हे आधीच मान्य केलं तर नाही म्हणणं त्याला सोपं जातं. मला त्याच्याकडून खरं ‘नाही’ हवं होतं. आणि पाऊण-अर्धा एल्बो.

उत्तर आलं : “ठीक आहे ताई.” पहिल्यांदाच ‘नक्की’ नव्हतं.

दुसरा माणूस शोधणंही फुकट नसतं. रविवारी दोघांना विचारलं. एकाने फोटो बघून सांगितलं, दुसऱ्याने फोडलेल्या कामाला मी हात लावत नाही. त्याचंही बरोबर आहे. जोड त्याने केला, पण उद्या पलीकडचा जोड सुटला तर नाव त्याचंच येणार. दुसरा तयार झाला, पण भिंत आणखी वीतभर उघडून दोन्ही बाजूंचा पाइप बघूनच काम करेन या अटीवर. म्हणजे जास्त मजुरी आणि आणखी एक टाइल. या किमतीकडे बघून आई म्हणाली, मग आणखी दोन दिवस थांबू. पण आधी सहा दिवस थांबलो हे पुढे थांबायचं कारण होऊ शकत नाही. ते दिवस दोन्हीकडून गेलेच होते. मोजायचं ते पुढचं : इथे एक टाइल, तिथे काकूंचं छत.

सोमवारी सकाळी पावणेनऊला वॉचमनचा फोन आला. कागदात गुंडाळलेला एल्बो आणि टेफ्लॉन टेपचं एक नवं रीळ कुणीतरी बाईकवरून देऊन गेलं होतं. मेसेज नव्हता. मी दुसऱ्या प्लंबरला बोलावलं. दुपारी तीनपर्यंत जोड झाला, सहाला पाणी सोडलं, रात्री काकूंची बादली कोरडी होती.

पहिल्याचा नंबर मी डिलीट केलेला नाही. त्याच्या नावापुढे ‘शनिवारी नको’ असं सेव्ह केलंय. काकूंच्या छताच्या रंगाचे पैसे कुणी द्यायचे, ते अजून ठरायचं आहे. मी अर्धे म्हणतेय, त्या घ्यायला तयार नाहीत आणि सेक्रेटरीकाका म्हणतात की जाम झालेला व्हॉल्व्ह सोसायटीचा आहे.