तुझं नाव पूर्णा

शाळेत बाईंनी विचारलंय ना, तुझं नाव कुणी ठेवलं आणि त्याचा अर्थ काय? ये, वेणी घालता घालता सांगते.

तू झालीस तेव्हा तुझ्या अकोल्याच्या आजीने आधी पंचांग काढलं. आकाशात चंद्र ज्या वाटेने फिरतो, तिचे 27 भाग केलेत. त्यांना नक्षत्रं म्हणतात. एका नक्षत्रात चंद्र साधारण एक दिवस असतो. त्या दिवसाचे पुन्हा चार भाग, म्हणजे चार चरण. प्रत्येक चरणाला एकेक अक्षर दिलेलं असतं. तू हस्त नक्षत्राच्या पहिल्या चरणात जन्मलीस, म्हणून तुझ्या वाट्याला 'पू' आलं. सहा तासांनी जन्मली असतीस तर 'ष' आलं असतं, आणि त्याच्याही नंतर 'ण'. 'ण'वरून नाव शोधायचं म्हणजे कठीणच! पण अक्षराने फक्त सुरुवात ठरते गं. पुढचं नाव घरच्यांनाच शोधावं लागतं.

पूजा, पूर्वा, पूनम अशी बरीच नावं निघाली. अमरावतीकडच्यांना एक आवडायचं, अकोल्याकडच्यांना दुसरं. तेव्हा माझी आई, तुझी वलगावची आजी, म्हणाली, "पोरीचं नाव असं ठेवा का दोन्ही घरच्याले आपलं वाटलं पाह्यजे."

वलगावला आपण जातो तेव्हा पूल लागतो ना, त्याच्याखालून पेढी नदी वाहते. गाडगेबाबांनी 1956 साली त्याच पेढीच्या पुलाजवळ शेवटचा श्वास घेतला, म्हणून आजी तिथे हात जोडते. आणि तुझ्या बाबांच्या अकोल्यातून वाहते ती मोर्णा. आता बघ, पेढी पुढे जाऊन पूर्णेला मिळते आणि तिच्याही पुढे मोर्णा येऊन पूर्णेलाच मिळते. माझ्या माहेरचं पाणी आणि तुझ्या बाबांच्या गावचं पाणी शेवटी एकाच नदीत जातं. आजोबांनी हे सांगितलं आणि मग दुसरं नाव कुणी काढलंच नाही.

एका नातेवाइकांना मात्र ते पटलं नव्हतं. ते म्हणाले, "पूर्णेकाठच्या विहिरी खाऱ्या, त्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि पोरीला तिचं नाव?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या त्या पट्ट्याला खारपाणपट्टाच म्हणतात. तिथल्या जमिनीच्या पोटात मीठ आहे आणि विहिरीच्या पाण्यात ते उतरतं. तिथल्या बायकांनी गोड्या पाण्यासाठी फार पायपीट केली आहे. तुला मी हे लपवून ठेवणार नाही, कारण नाव आपलं आहे तर नदीची सगळी गोष्ट आपल्याला माहीत हवी.

पण अकोल्याच्या आजीने त्यांना विचारलं, "मग राजराजेश्वराले पाणी कोणतं घालता?" श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी कावडवाले अकोट रस्त्यावरच्या गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी भरतात, रात्रभर खांद्यावर कावड घेऊन अकोल्याला चालत येतात आणि सोमवारी राजराजेश्वर महादेवाला जलाभिषेक करतात. मागच्या वर्षी बाबांच्या खांद्यावर बसून तू ढोल ऐकलास ना, तीच कावड. त्या पाण्याला कुणी खारं म्हणत नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला फुलं बांधली होती, घुगऱ्या वाटल्या, आणि आत्याने वाकून तुझ्या कानात नाव सांगितलं. तू झोपली होतीस, पण तुझं नाव सगळ्यांत आधी तुलाच कळलं.

आता अर्थ. पूर्णा म्हणजे भरलेली. त्याचा अर्थ कधीच न चुकणारी, सगळ्यांत पहिली येणारी असा नाही हं. कुणी तसं म्हणालं तर तू सांग, नदीसुद्धा उन्हाळ्यात बारीक होते, तेव्हाही तिला पूर्णाच म्हणतात. ती सातपुड्यात भैसदेहीकडे उगम पावते, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून पश्चिमेला जाते आणि चांगदेवला तापीला मिळते. वाटेत जी नदी येईल तिला ती आपल्यात घेते, म्हणून ती भरते. पेढी आली नाही, मोर्णा आली नाही, तर ती एकटी भरणार कशी? तुझ्या नावात तुझ्या दोन्ही आज्या आहेत, असं बाईंना सांग.

आणि लिहिताना 'पू' दीर्घ काढ. रफार 'णा'च्या डोक्यावर द्यायचा, 'पू'वर नाही. काल वहीत तू तो 'पू'वर दिला होतास. आण ती वही, वेणी झाली.