खर्डा कुणाच्या हातात आहे?

‘हे तू चोरलंस’ असं कुणी म्हटलं की आपण आधी चिडतो, मग शपथा घेतो. पण शपथ म्हणजे पुरावा नव्हे. मग पुरावा कसा असतो? चार्ल्स डार्विनचं एक पत्र त्यासाठी वाचण्यासारखं आहे.

जून १८५८. दूर मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड रसेल वॉलेसचा एक निबंध डार्विनकडे टपालानं आला. डार्विन वीस वर्षं ज्या नैसर्गिक निवडीच्या कल्पनेवर काम करत होता, तीच त्यात होती. आता आपण छापलं तर लोक म्हणणार, याचंच उचललं. २५ जूनला त्यानं भूवैज्ञानिक मित्र लायेलला पत्र लिहिलं. आरोप अजून झालाच नव्हता. हे त्याचं आगाऊ उत्तर होतं.

पत्रात आक्रोश नाही, तपशील आहे. वॉलेसच्या निबंधात आहे ते सगळं माझ्या १८४४च्या लेखनात अधिक विस्तारानं आलंय. ते हूकरनं बारा-एक वर्षांपूर्वी वाचलंय. साधारण वर्षापूर्वी मी अमेरिकेत एसा ग्रेला माझ्या मतांचा सारांश पाठवला, त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

इथे मेख आहे. घरच्या कपाटातल्या वहीवर मागची तारीख कुणीही घालू शकतो. हूकरनं वाचलेला मजकूर आणि ग्रेच्या हाती पोचलेलं पत्र मात्र डार्विनला मागाहून बदलता येणार नव्हतं.

याचा उपयोग शंभराहून अधिक वर्षांनी झाला. वॉलेसचं पत्र खरं तर आधीच आलं होतं, आणि एका जातीपासून अनेक जाती फुटत दूर जाण्याचा मुद्दा डार्विननं त्यातून घेतला, असा आरोप काही लेखकांनी केला. तो मुद्दा १८४४च्या लेखनात नीट मांडलेला नाही, म्हणून शंकेला जागा होती. वॉलेसचं मूळ पत्रही आज सापडत नाही. पण ग्रेला लिहिलेल्या पत्रात तो मुद्दा आहे आणि त्याची तारीख आहे ५ सप्टेंबर १८५७. वॉलेसनं निबंध लिहिला फेब्रुवारी १८५८मध्ये. न लिहिलेल्या निबंधातून चोरी कशी होणार?

म्हणजे डार्विन निर्दोष? चोरीपुरता, हो. पण त्याच पत्रात त्यानं दुसरा प्रश्नही विचारला होता: आजवर छापायचा विचार नव्हता, मग वॉलेसचं हाती आल्यावर आता छापणं सचोटीचं ठरेल का? त्यापेक्षा अख्खं पुस्तक जाळलेलं बरं, असंही त्यानं लिहिलं. घरात तान्हा मुलगा आजारी होता. तो २८ जूनला गेला. निर्णय लायेल आणि हूकरनं घेतला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, आधी डार्विनचं, मग वॉलेसचं. वॉलेसला कुणी विचारलं नव्हतं.

वॉलेसनं पुढे तक्रार केली नाही. १८८९मधल्या आपल्या पुस्तकाला त्यानं ‘डार्विनिझम’ हेच नाव दिलं. पण त्याचा मोठेपणा म्हणजे आधी घेतलेली परवानगी नव्हे. जुना खर्डा ‘मी चोरलं नाही’ एवढंच सिद्ध करतो. ‘मी न्यायानं वागलो’ हे सांगायला तो पुरत नाही.