कुमारिकेच्या पाटावर कोणी बसावे?

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि नवमीला किंवा दसऱ्याला, ज्याच्या त्याच्या कुळाचाराप्रमाणे, उठतात. या दिवसांत घरात तीन पूजा चालतात. एक घटाची, दुसरी अखंड दिव्याची आणि तिसरी कुमारिकेची. पहिल्या दोन पूजांत गृहस्थाला सहसा शंका येत नाही. पिढ्यानपिढ्यांची रीत असते, हात आपोआप चालतात. तिसऱ्या पूजेत मात्र समोर जिवंत मूल येऊन बसते, आणि मग कधी कधी असा प्रश्न उभा राहतो की रीत पुरत नाही. असाच एक प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. जिच्या शरीरात काही व्यंग आहे अशा मुलीला कुमारिका म्हणून पाटावर बसवावे की नाही?

आधी घराची रीत सांगतो. आम्ही नांदेडचे, कुलस्वामिनी माहूरची रेणुकामाता. पत्रावळीवर शेतातली काळी माती चाळून पसरायची, तीत गहू पेरायचे आणि मधोमध मातीचा घट ठेवायचा. घटात पाणी, सुपारी, पैसा, हळकुंड. तोंडावर विड्याची पाने आणि वर नारळ. पहिली माळ विड्याच्या पानांची, पुढे झेंडू, तिळाची फुले, कारळ्याची फुले, जी मिळतील ती. मातीचा घट स्वतःच पाझरतो आणि भोवतीची माती ओली ठेवतो. म्हणून वरून पाणी फक्त शिंपडायचे. हौसेने जास्त घातले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला आंबूस वास येतो, दाण्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते आणि धान उगवत नाही. दिव्याचेही तसेच. काजळी झाडायची असेल तर आधी त्याच ज्योतीवर निरांजन लावून घ्यायचे, मग वातीला हात लावायचा. म्हणजे वात विझली तरी ज्योत घरातच राहते.

आता यातली मेख बघा. घटाला पाणी जास्त झाले तरी घट बोलत नाही. दिव्याचे तेल संपले तरी दिवा हाक मारत नाही. आपण लक्ष देऊन त्यांची गरज ओळखायची, हीच ती पूजा. अष्टमीला मात्र देवी स्वतःच्या पायांनी दार उघडून आत येते. तिला भूक लागलेली असते, तहान लागलेली असते, पाहुण्यांच्या गर्दीत ती लाजलेली असते आणि तिचे मन दुखू शकते. सात दिवस मुक्या देवतेची काळजी घेतलेला माणूस बोलक्या देवतेशी कसा वागतो, हे त्या दिवशी कळते.

कुमारिका पूजनाचा विधी देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधात विस्ताराने आला आहे. रोज एक कुमारिका पूजावी, किंवा रोज एक-एक वाढवत जावे, किंवा रोज नऊ पूजाव्यात, असे पर्याय तिथे आहेत. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी लगेच बेरीज केली. रोज एक म्हणजे ९, वाढत्या क्रमाने ४५ आणि रोज नऊ म्हणजे ८१. ज्याची जेवढी ऐपत तेवढे त्याने करावे, असा त्याचा साधा अर्थ. वयाप्रमाणे नावेही दिली आहेत. दोन वर्षांची ती कुमारिका, तीनची त्रिमूर्ती, चारची कल्याणी, पाचची रोहिणी, सहाची कालिका, सातची चंडिका, आठची शांभवी, नऊची दुर्गा आणि दहाची सुभद्रा.

एक वर्षाच्या मुलीची पूजा करू नये असेही तिथे सांगितले आहे, आणि त्याचे कारण मला फार मोलाचे वाटते. इतक्या लहान बाळाला गंध, फूल, नैवेद्य यांचा भोग कळत नाही, म्हणून ते नको. म्हणजे बघा, शास्त्राने इथे पूजेची कसोटी पूजा करणाऱ्याच्या हातात न ठेवता त्या मुलीच्या जिभेवर आणि नाकावर ठेवली आहे. खीर तिला गोड लागली पाहिजे, गजऱ्याचा वास तिला आला पाहिजे. तिला काही पोचलेच नाही तर पूजा झाली असे म्हणता येत नाही.

पण त्याच ग्रंथात पुढे असेही आहे की हीनांगी, रोगी, व्रण असलेली कन्या वर्ज्य करावी. निरोगी आणि सुंदर अंगाची घ्यावी. हे वाक्य तिथे नाहीच असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. ते आहे. आणि आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी नेमका त्यावरूनच विषय निघाला.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आठ वर्षांची मुलगी राहते. जन्मापासून तिचा उजवा पाय अधू आहे, त्यावर पट्ट्यांचा बूट चढवलेला असतो. आमच्या सौ.ने अष्टमीसाठी नऊ मुलींची यादी केली, तीत तिचे नाव घातले. माझी आत्या त्या वेळी आमच्याकडे होत्या. वय ८६, पोथी-पुराणांचे वाचन दांडगे. त्या म्हणाल्या, "अरे बाळ, मुलगी गोड आहे, तिला जेवायला बोलव, फ्रॉक दे, कोण नको म्हणतंय? पण पाटावर नको. आपण अक्षता घेतो तर तुटका दाणासुद्धा निवडून बाजूला काढतो. देवीच्या जागी अव्यंगच पाहिजे."

आत्यांचे बोलणे रागाने उडवून लावण्यासारखे नव्हते. अक्षता अखंड घेतात, नारळ तडकलेला चालत नाही, फूल किडलेले चालत नाही. पण मी जरा विचार करून म्हटले, "आत्या, अक्षता, नारळ, फूल या आपण देवीला देण्याच्या वस्तू आहेत. देताना वस्तू पारखून द्यावी हे बरोबरच. पण कुमारिका ही देण्याची वस्तू आहे का? ती तर घेणारी आहे. घेणाऱ्याची पारख आपण कशी करायची?"

त्यांनी लगेच दुसरा मुद्दा काढला. "मूर्तीसुद्धा घेणारीच असते ना? मग खंडित मूर्ती का पूजत नाहीत?"

हा प्रश्न खरोखर अवघड होता. त्यावर मला सुचले ते असे. मूर्ती आधी दगड किंवा धातू असते, प्राणप्रतिष्ठेने आपण तिच्यात देवत्व बोलावतो. मूर्ती भंगली की ते तिथे राहिले नाही असे आपण मानतो आणि तिचे विसर्जन करतो. खंडित मूर्तीचा नियम प्राण गेल्याचा आहे, रूप बिघडल्याचा नव्हे. कुमारिकेत प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, कारण प्राण आधीच आहे. पाय अधू असला म्हणून तो तसूभरही कमी झालेला नाही.

यावर आत्या गप्प राहिल्या. मग मी माहूरचा विषय काढला. माहूरला आपण कोणाला नमस्कार करतो? तिथे हातापायांसह घडवलेली पूर्ण मूर्ती नाही, तांदळा आहे, म्हणजे नुसते मुख. कथा अशी सांगतात की परशुरामाने श्रीदत्तात्रेयांच्या मार्गदर्शनाखाली आईचे अंत्यसंस्कार केले. आईचे पुन्हा दर्शन होईल, पण मागे वळून पाहू नकोस, असे दत्तप्रभूंनी त्याला सांगितले होते. त्याला राहवले नाही, त्याने वळून पाहिले, आणि तोवर भूमीतून मुखच वर आले होते. तेवढ्याच रूपात माउली तिथे राहिली. ज्या घराची कुलस्वामिनी नुसत्या मुखाने सगळ्यांचे रक्षण करते, त्या घराने एका मुलीच्या पायाकडे बोट दाखवावे, हे मला तरी पटत नाही.

आत्या शेवटी म्हणाल्या, "पोथीत लिहिलंय ते लिहिलंय, मी ते खोडणार नाही. पण बोलावायचं ठरलंच असेल तर नीट बसवा, अर्धवट नको." मला वाटते, त्यांच्या या शेवटच्या वाक्यात पूजेचा निम्मा विधी आला.

कारण पाटावर बसवू असे ठरवणे सोपे, नीट बसवणे अवघड. त्या मुलीला मांडी घालता येत नव्हती. तिच्या एकटीसाठी खुर्ची मांडली असती तर आठ जणी पाटावर आणि ती वेगळी, असे दिसले असते. म्हणून सौ.ने नऊही जणींना दोन लांब बाकांवर बसवले आणि पाट पायांखाली ठेवले. पाय धुताना बूट काढायचा की नाही हे आम्ही ठरवले नाही. तिच्या आईला आदल्या दिवशी विचारले. आई म्हणाली, काढायला-घालायला वेळ लागतो आणि चारचौघांत तिला आवडत नाही. मग तिने जो पाय पुढे केला तोच परातीत धुतला, दुसऱ्यावर फूल वाहिले. बाकी हळद-कुंकू, गजरा, बांगड्या, खीर-पुरी, दक्षिणा सगळ्यांना सारखे. पाने अकरालाच मांडली, आरती नंतर केली. लहान मुलींना दोन वाजेपर्यंत उपाशी ताटकळत ठेवून कसले पूजन? आणि अष्टमीला त्याच मुलींना चार घरी बोलावणे असते म्हणून पुऱ्या दोन-दोनच वाढल्या, हवी तिने मागून घ्यावी. त्या मुलीने खीर दोनदा मागितली. देवीभागवताने सांगितलेली भोग कळण्याची कसोटी तिने तिथेच पुरी केली.

कोणी विचारेल, मग ग्रंथातल्या त्या वाक्याचे काय? मी पंडित नाही, कॉमर्सचा पदवीधर आहे. मला इतकेच दिसते की त्याच ग्रंथात दोन नियम आहेत. एक सांगतो, मुलीला भोग कळला पाहिजे. दुसरा सांगतो, मुलगी अव्यंग पाहिजे. पहिल्या नियमाचे कारण ग्रंथाने दिले आहे आणि ते पूजेच्या गाभ्याशी जाते. दुसरा नियम मी अधू मुलीला लावला तर पूजेतले काहीच वाढत नाही, फक्त एक मूल दाराबाहेर उभे राहते आणि आतल्या आठ जणी ते पाहतात. ज्या आठ जणींना आपण देवी म्हणून पूजले, त्यांना त्याच दिवशी आपण हा धडा द्यायचा का? असे दोन नियम समोर आले तर गृहस्थाने कारण ज्याचे कळते तो आधी पाळावा, असे माझे मत आहे. ज्यांना आत्यांचे म्हणणे बरोबर वाटते त्यांनी निदान एवढे करावे, की ती मुलगी दारात आली तर तिला ‘तू नंतर ये’ असे म्हणू नये.

तिचे वय तेव्हा आठ होते. म्हणजे ग्रंथाच्याच यादीप्रमाणे तिचे त्या दिवशीचे नाव शांभवी. त्या यादीत वय विचारले आहे, पाय विचारलेला नाही.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥